‘क्रमशः’च्या आधीची ओळ : छत्तीस भागांच्या कथेच्या कामाच्या नोंदी

८ जून

अकरावा भाग तीन दिवसांपूर्वी गेला. दर गुरुवारी एक भाग, साधारण तेराशे शब्द, एकूण छत्तीस भागांची आखणी. पहिले सहा-सात आठवडे मजेत गेले. आता प्रतिक्रियांत एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत यायला लागलंय. त्यातलं सगळ्यांत झोंबलेलं असं होतं : ‘शेवटी कोणीतरी दार वाजवतं, आणि पुढच्या गुरुवारी दारात कोणीच महत्त्वाचं नसतं.’

आधी राग आला. मग अकराही भाग काढून फक्त शेवटची पाच-पाच वाक्यं एका कागदावर उतरवली. दोनदा दार वाजलंय, दोनदा फोन, एकदा दिवे गेलेत, एकदा मागून हाक, एकदा नायिकेला चक्कर. उरलेल्या चारांपैकी दोन ठिकाणी ‘तिने आत पाहिलं आणि ती थिजली’ असलं काहीतरी. वाचक बरोबर होता. दारात एकदा शेजारची मुलगी होती आणि एकदा वारा. वारा! हे मीच लिहिलंय.

कथेचा गाभा थोडक्यात सांगते, नाहीतर पुढच्या नोंदी कळणार नाहीत. वसुधाचे वडील बारा वर्षांपूर्वी घरातून नाहीसे झाले. पळून गेले असं घरात ठरलेलं आहे. ती बऱ्याच वर्षांनी परत येते, आणि ते गेले की त्यांना घालवलं, हे शोधणं म्हणजे कथेचा मोठा धागा. घरात आई आहे आणि धाकटे काका. काकांनी हिशेबात केलेली अफरातफर वडिलांनी अंगावर घेतली, हे शेवटाकडे उघड व्हायचंय.

९ जून

त्याच कागदाला आज चार रकाने पाडले : भाग, शेवटी उठलेला प्रश्न, उत्तर कुठल्या भागात, आणि उत्तराने काय बदललं.

चौथ्या रकान्यात अकरापैकी आठ ठिकाणी लिहायला काही नव्हतं. दार वाजलं, उघडलं, शेजारीण आली, गेली. तो प्रसंग उचलून फेकून दिला तरी वसुधाला जे माहीत आहे, ती ज्याच्यावर विश्वास ठेवते आणि ती उद्या जे करणार आहे, त्यातलं काहीही हलत नाही. म्हणजे अकरा भागांत मोठा धागा तीनच पावलं पुढे गेला. बाकी आठ आठवडे मी लोकांना नुसतं दचकवत होते.

हुक, म्हणजे वाचकाला पुढच्या भागाकडे ओढणारे हे शेवट, कमजोर होते असं मात्र नाही. दार वाजलं की माणूस पुढचा भाग उघडतोच, मीही उघडते. गडबड त्या उघडण्याच्या बदल्यात मिळणाऱ्या मालात होती. आणि हे सुट्या भागात दिसत नाही. भाग वाचताना प्रत्येक शेवट ‘मस्त’ वाटतो. अकरा शेवट एकाखाली एक लिहिल्यावरच कळतं.

बारावा भाग गुरुवारी जायचा आहे आणि त्याच्याही शेवटी फोन वाजतोय.

२० जून

बारावा कसाबसा निभावला. तेराव्यात उलट्या बाजूला जाऊन आपटले.

पोकळ शेवट नकोत म्हणून ठरवलं की आता खरं काहीतरी द्यायचं. वसुधाला कपाटाच्या तळाशी एक रिकामं पाकीट सापडतं. पत्ता या घराचा, अक्षर वडिलांचं, शिक्क्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. भाग तिथे संपवला. काल प्रतिक्रियांचा पाऊस पडला आणि मी खूश होऊन झोपले.

सकाळी आखणी उघडली. ‘वडील जिवंत आहेत’ हे मी बाविसाव्या भागासाठी राखून ठेवलं होतं. नऊ आठवड्यांचा शिधा एका रात्रीत संपवला. चौदा ते एकवीस या भागांचा सगळा डोलारा ‘ते जिवंत असतील का’ या एका प्रश्नावर उभा होता आणि तो प्रश्नच आता उरला नाही. चौदावा लिहून तयार होता, तो बाद. पंधराव्याचे आठशे शब्द, तेही बाद. सहा संध्याकाळींचं काम.

छापलेलं मागे घेता येत नाही ही या प्रकाराची खरी अडचण. हस्तलिखितात असतं तर पाकीट गुपचूप परत कपाटात ठेवलं असतं.

२७ जून

दोन दिवस पाकीट ‘खोटं’ ठरवायच्या युक्त्या शोधण्यात गेले. अक्षर दुसऱ्याचं, शिक्का चुकलेला, वगैरे. सगळ्या भिकार. वाचकाला खरं दिलं आणि मग ‘तसं नव्हतंच’ म्हटलं, की पुढचं काहीही तो खरं धरत नाही.

शेवटी पाकीट पुन्हा नीट पाहिलं, म्हणजे माझंच वर्णन पुन्हा वाचलं. पाकीट फोडलेलं आहे आणि रिकामं आहे. म्हणजे कोणीतरी पत्र वाचलंय. मी हे नुसतं भरीला लिहिलं होतं, पण खरा प्रश्न तिथेच पडला होता. वडील जिवंत आहेत हे वसुधाला आत्ता कळलं, या घरातल्या कोणालातरी ते दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं.

त्यामुळे मोठा प्रश्न ‘जिवंत आहेत का’वरून ‘कोणाला माहीत होतं, आणि गप्प का’ इथे सरकवला. आता वाटतं, मुळातल्यापेक्षा हाच जास्त चांगला आहे. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याच्या उत्तरात आई आणि काका दोघंही अडकतात. चौदावा भाग नव्याने लिहायला दोन रात्री लागल्या, पण तो वेळेत गेला.

ज्याला कुणाला असाच अपघात होईल त्याने फुटलेलं गुपित झाकत बसू नये. ते कोणाला आधीपासून माहीत होतं, एवढंच स्वतःला विचारावं.

१८ जुलै

तीन आठवडे नोंद नाही, कारण सांगण्यासारखं काही बरं घडत नव्हतं.

तेराव्याच्या धसक्याने मी कंजूष झाले. पंधराव्याच्या शेवटी वसुधा रात्री खिडकीतून बघते : काका मागच्या अंगणात कागद जाळतायत. चांगला शेवट होता. पण उत्तर सांभाळून वापरायचं म्हणून सोळाव्यात मी तिच्या लहानपणात शिरले. सतराव्यात आईचं आजारपण. काका तिकडे तसेच कागद जाळत उभे.

काल सतरावा गेल्यावर एकीने सरळ विचारलं : ‘वसुधा खिडकीतून खाली का आली नाही? दोन आठवडे झाले.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. कागद जळताना दिसले तर कोणीही खाली धावेल. ती धावली नाही, कारण लेखिकेला ते परवडत नव्हतं, आणि हे वाचकाला लख्ख दिसलं.

उशीर करण्यात गैर काही नाही. पण पात्राच्या हातात जे होतं ते तिने केलंच पाहिजे आणि तरीही उत्तर पुरतं मिळू नये. ती खाली धावली असती, काकांनी ‘जुनी रद्दी’ म्हटलं असतं, तिने एक अर्धा जळलेला तुकडा उचलला असता, आणि त्यावर पत्राऐवजी हिशेबाचे आकडे निघाले असते, तर भागाच्या पहिल्या तीनशे शब्दांतच वाचकाचं देणं फिटलं असतं. आणि मोठा धागाही हलला असता, कारण काका पत्रं लपवत नसून हिशेब लपवतायत हे कळलं असतं. हे सगळं आता अठराव्यात लिहितेय, दोन आठवडे शिळं.

२० जुलै

चार्ल्स डिकन्स मासिक हप्त्यांनी कादंबऱ्या लिहायचा, आणि त्यांतल्या नंतरच्या कादंबऱ्यांच्या प्रत्येक हप्त्यासाठी एक वेगळा कागद करायचा. त्यातले बरेच आज जपलेले आहेत. कागदाच्या उजव्या अर्ध्यात त्या हप्त्यातल्या प्रकरणांची नावं आणि त्यांत काय येणार याच्या नोंदी, आणि डाव्या अर्ध्यात स्वतःलाच विचारलेले प्रश्न : अमक्याला आत्ता आणायचं का, तमकं आत्ता सांगायचं का. आणि पुढे स्वतःच दिलेली उत्तरं : हो, नाही, अजून नाही.

माझ्या चार रकान्यांत नेमकं हे ‘अजून नाही’ नव्हतं. कुठलं गुपित मी मुद्दाम मागे ठेवतेय हे लिहिलेलंच नसेल, तर ते चुकून तेराव्यात सांडणारच.

म्हणून आता प्रत्येक भागाला एक कागद. डावीकडे त्या वेळी उघडे असलेले सगळे प्रश्न, लहान-मोठे. लहान प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर पुढच्याच भागाच्या सुरुवातीला द्यायचं. मधले तीन-चार भाग चालणारे. मोठा एकच. भागाच्या शेवटी लहान प्रश्न उठवायचा, पण त्याचं उत्तर मधल्या किंवा मोठ्या प्रश्नाला धक्का देणारं हवं. काकांचे कागद हा लहान प्रश्न, पण आकडे निघाले की ‘काका नेमकं काय लपवतायत’ हा मधला प्रश्न उभा राहतो. वाऱ्याने वाजलेलं दार कशालाच धक्का देत नाही.

अठराव्याच्या कागदावर डावीकडे सात प्रश्न झाले. सात फार आहेत. दोन मलाही आठवत नव्हते.

२७ जुलै

एकोणिसाव्याचा शेवट. यावर अख्खा रविवार गेला. दोन्ही खर्डे इथे ठेवते.

प्रसंग असा की अर्ध्या जळलेल्या तुकड्यामुळे वसुधाला कळलंय, वडिलांची स्वतःची एक हिशेबाची वही असणार. ती घरभर शोधतेय, कोणाला न सांगता. माळ्यावरच्या पेटीत वही सापडते. पहिला खर्डा :

‘तिने थरथरत्या हाताने वही उघडली. पहिल्याच पानावर जे लिहिलं होतं ते वाचून तिच्या पायाखालची जमीन सरकली. क्रमशः’

हा तोच ‘थिजली’वाला शेवट, नवे कपडे घालून आलेला. अठरा भाग आपण वसुधाच्या डोक्यात बसून सगळं पाहतोय. तिला दिसतं ते आपल्याला दिसतं. आणि नेमकं इथे मी वाचकाच्या डोळ्यांवर हात ठेवला. अशा वेळी वाचकाला उत्सुकता कमी आणि चीड जास्त येते, कारण पुढचं पात्राला माहीत झालंय आणि फक्त त्याच्यापासून लपवलंय. शिवाय पुढच्या भागाची सुरुवात जमीन सरकण्याला साजेशी करावी लागते. पानावर तर नुसते आकडे होते.

मग उलटं केलं. वहीत काय आहे ते सगळं दाखवलं : आकडे, दोन वेगळ्या शाया, काकांच्या सह्या. दडवलं काहीच नाही. आणि प्रसंग आणखी चार ओळी पुढे नेला :

‘वही पदराआड धरून ती शिडी उतरली. स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.
“सापडली?” आईने विचारलं.’

बस. वसुधाने वहीबद्दल कोणालाही सांगितलेलं नाही, हे याच भागात आधी दोनदा आलंय, त्यामुळे इथे समजावून सांगायची गरज नाही. वाचकाला वसुधाइतकंच माहीत आहे आणि तिच्याच क्षणी त्याच्याही पोटात गोळा येतो. मुख्य म्हणजे आईला माहीत होतं, हे मोठ्या धाग्याचं पाऊल त्या एका शब्दातच पडलं. आधी मी ‘सापडली का गं वही?’ असं लिहिलं होतं. ‘वही’ काढली, मग ‘का गं’ काढलं. जितकं कमी, तितकी आई जास्त जाणती वाटते.

२९ जुलै

शेवट जमला म्हणून उड्या मारत होते. मग विसाव्याची सुरुवात लिहायला बसले आणि हात थांबले. आईला कळलं कसं?

पहिलं उत्तर : तिने वसुधाला माळ्यावर चढताना पाहिलं. मग ‘सापडली’ म्हणजे काय, हे तिला तरी कसं कळणार? वसुधा माळ्यावर काहीही शोधत असेल. दुसरं उत्तर : काकांनी सांगितलं. पण काकांना वही घरात आहे हे माहीत असतं, तर तीही अंगणातच जळाली असती. तासभर दोन्हींशी झटापट केली आणि दोन्ही खोडली.

तिसरं रात्री उशिरा सुचलं. वही त्या पेटीत आईनेच ठेवली, वसुधा आल्यानंतर. बारा वर्षं तिने वही दुसरीकडे सांभाळली होती, आणि आता आपल्या तोंडाने सांगवत नाही म्हणून मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवली. म्हणजे आई सत्य दाबत नव्हती, ते सापडावं म्हणून वाट पाहत होती. या एका गोष्टीने आईचे पुढचे सगळे प्रसंग बदलले, आणि बरेचसे सोपे झाले.

याची धास्ती अशी की मी हा शेवट आधी टाकला असता आणि उत्तर नंतर शोधलं असतं, तर गुरुवार गाठायच्या घाईत बहुधा ‘पाहिलं चढताना’वरच भागवलं असतं. म्हणून आजपासून, पुढच्या भागाचे पहिले तीनशे शब्द लिहून झाल्याशिवाय आधीचा भाग बाहेर जाणार नाही. ते शब्द रटाळ निघाले तर हुक खोटा आहे, तो बदलायचा.

९ ऑगस्ट

विसावा गेला. सुरुवात कशी केली त्याची एक बारीक नोंद. वाचक मध्ये सात दिवस दुसरंच जग जगून येतो, त्यामुळे त्याला आठवण द्यावी लागते. आधी मी ‘मागच्या आठवड्यात आपण पाहिलं’च्या चालीवर दोन परिच्छेद घालायचे. आता पहिल्या वाक्यात वसुधा वही आईसमोर ओट्यावर ठेवते आणि विचारते, ‘तुला कसं माहीत मी काय शोधत होते?’ त्यात आठवणही झाली आणि गोष्टही चालू झाली.

१६ ऑगस्ट

एकविसावा. शेवट पुन्हा पचका, पण वेगळ्या कारणाने. वहीच्या शेवटच्या पानावर वडिलांनी काकांची रक्कम आपल्या नावावर लिहून खाली सही केलीय. हे पान वसुधाला मिळतं, आणि मग मी दोनशे शब्दभर तिला खिडकीत उभी करून विचार करायला लावलं. बाबांनी असं का केलं असेल, काकांना माहीत असेल का, आपण आता काय करायचं. वाचकाने जे प्रश्न स्वतःचे स्वतः विचारायचे, ते सगळे मीच वाचून दाखवले.

हे टाकल्यावर लक्षात आलं. दुरुस्ती सोपी होती : भाग सहीवर कापायचा आणि शेपूट फेकायचं. ते पुढच्या भागात नेऊन चिकटवायचा मोह होतो, तोही नको. जुने भाग चाळले तर निम्म्या शेवटांना असं शेपूट आहे. खरा शेवट शंभर-दोनशे शब्द वर कुठेतरी होऊन गेलेला असतो आणि मी घाबरून पुढे बोलत राहिलेली असते.

२३ ऑगस्ट

बाविसाव्याला मुद्दाम आवाज न करणारा शेवट ठेवून पाहिला. काका विचारतात, ‘माळ्यावर काही सापडलं का?’ वसुधा म्हणते, ‘नाही. नुसती जळमटं.’ काका हसून निघून जातात. क्रमशः.

ना दार, ना फोन, ना नवी बातमी. पण एकवीस भाग ही मुलगी कोणाशी एकदाही खोटं बोललेली नाही. घरच्यांच्या खोटेपणावर तिचा सगळा राग आहे, आणि आता ती त्याच घरातली झाली. प्रतिक्रिया नेहमीपेक्षा कमी आल्या. ज्या आल्या त्या लांब होत्या, आणि बहुतेकांचा सूर ‘आता ही काय करणार’ असा. ‘आता काय होणार’पेक्षा मला हा सूर जास्त उपयोगी वाटतो, कारण जे होणार ते मला बाहेरून आणावं लागतं आणि ती जे करणार ते तिच्यातूनच येतं.

तरी दर आठवड्याला असं चालणार नाही. हा शेवट चालला, कारण आधीच्या तीन भागांनी जमीन तापवून ठेवली होती. सहाव्या भागाला हाच शेवट दिला असता, तर कोणाला त्यात काही जाणवलंही नसतं.

५ सप्टेंबर

चोविसावा काल गेला. तीन भाग हाताशी लिहून तयार आहेत. हे पहिल्यांदाच. त्यामुळे काल प्रतिक्रिया वाचताना छातीत धडधडलं नाही. पण एका प्रतिक्रियेने कागद पुन्हा काढायला लावले.

एकाने सहाव्या भागातली किल्ली विचारली. सहाव्याच्या शेवटी खुंटीवरची किल्ली गायब होते आणि वसुधा रिकाम्या खुंटीकडे बघत राहते. मी साफ विसरले होते. चार रकान्यांच्या कागदावर ती आहे, तिसरा रकाना कोरा, आणि पुढच्या एकाही कागदावर डावीकडे मी ती उतरवलेली नाही. अठरा आठवड्यांची उधारी.

पुढे त्याने लिहिलंय : ‘आणि माळ्यावरच्या पेटीला कुलूप नव्हतं का?’

एकोणिसावा उघडून पाहिला. मी लिहिलंय, ‘तिने कडी सरकवली आणि झाकण वर उचललं.’ कुलूप नाही. पण तिसऱ्या भागात, वसुधा घरात पहिल्यांदा फिरते तेव्हा, त्याच पेटीला मी गंजलेलं कुलूप घातलेलं आहे. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ते उघडून काढलं, आणि खुंटीवरची किल्ली सहाव्यात गेली. आईने वही ठेवली ती तेव्हाच. हे सगळं मी न ठरवता जुळून बसलंय.

सत्ताविसाव्यापर्यंतचे भाग तयार आहेत, पण सव्विसाव्यात आई आणि वसुधा माळ्यावर एकत्र जातात असा प्रसंग आहे. तिथे आई कमरेची किल्ली काढून खुंटीवर परत अडकवेल, न बोलता. शेवट नाही करणार त्याचा, भागाच्या मध्येच ठेवेन. डावीकडे लिहून ठेवलंय : किल्ली, २६, हो. त्याच्या खाली : कुलूप कुठे गेलं? अजून नाही.